स्लॅबच्या सळ्या: नग, लांबी आणि लॅप काढताना सारखे विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न साइटवरून, फोनवर आणि मेसेजवर पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकत्र केलेत. प्रत्येक उत्तरात वेगळं उदाहरण घेतलं तर गोंधळ होतो, म्हणून सगळीकडे एकच स्लॅब धरलाय. एका लांबलचक घराच्या पडवीवरचा स्लॅब आहे, बाहेरून बाहेर १४ मीटर लांब आणि ३.६६ मीटर (१२ फूट) रुंद, चारी बाजूंनी २३० मिमीचे बीम, मधे आडवा बीम नाही. जाडी १२५ मिमी, काँक्रीट एम २०, लोखंड एफई ५००. ड्रॉइंगमध्ये मुख्य सळई १० मिमी १५० वर आणि वाटप सळई (डिस्ट्रिब्यूशन) ८ मिमी २०० वर. कव्हर २० मिमी. सळ्यांचा व्यास आणि स्पेसिंग आरसीसी कन्सल्टंटने ठरवायचं असतं, इथे फक्त ते ठरल्यानंतर नग आणि लांबी कशी काढायची ते आहे.

१. मुख्य सळई कोणत्या दिशेने जाते आणि तिचे नग कोणत्या लांबीवरून काढायचे?

मुख्य सळई छोट्या बाजूला, म्हणजे आपल्या पडवीत ३.६६ मीटरच्या दिशेने. स्लॅबची लांब बाजू छोट्या बाजूच्या दुपटीपेक्षा जास्त असली की वजन छोट्या बाजूनेच बीमवर जातं, त्याला वन वे स्लॅब म्हणतात. आता गंमत अशी की सळईची लांबी ३.६६ वरून येते पण नग मात्र १४ मीटरवरून येतात, कारण त्या सळ्या १४ मीटरमध्ये एकामागे एक मांडायच्या असतात. वाटप सळईचं बरोबर उलटं, लांबी १४ वरून आणि नग ३.६६ वरून. नवीन मुलांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते, लांबी आणि नग दोन्ही एकाच बाजूने काढतात आणि मग लोखंड मागवताना आकडा भलताच येतो. कागदावर आधी स्लॅबचा चौकोन काढा, त्यात एक सळई काढा आणि तिच्या आडव्या दिशेला बाण काढा. नग त्या बाणाच्या लांबीवरून काढायचे.

२. स्पेसिंगने भागल्यावर अधिक एक का करायचं?

भागाकार केला की गाळे येतात, सळ्या नाही. कुंपणाला दहा गाळे असले तर खांब अकरा लागतात, तेच इथे. आणि भागाकार अपूर्णांकात आला तर आधी गाळे वरच्या पूर्ण आकड्यावर न्यायचे आणि मग एक मिळवायचा. ८९.२७ आलं तर ९० गाळे आणि ९१ सळ्या. ८९ धरलं तर प्रत्येक गाळा १५० पेक्षा थोडा मोठा होतो, आणि ड्रॉइंगमधलं स्पेसिंग म्हणजे जास्तीत जास्त अंतर असतं, त्याच्या वर जायचं नाही, खाली गेलं तर चालतं.

३. मोजायला सुरुवात बीमच्या बाहेरून करायची की आतल्या कडेपासून?

मी आतल्या कडेपासून करतो. बीमच्या रुंदीत बीमचं स्वतःचं लोखंड आहे, त्याला समांतर स्लॅबची सळई तिथे टाकून काही उपयोग नाही. पहिली सळई बीमच्या आतल्या कडेपासून अर्ध्या स्पेसिंगवर ठेवायची, म्हणजे १५० चं स्पेसिंग असेल तर ७५ मिमीवर, दुसऱ्या टोकालाही तसंच.

पडवीत हिशोब असा होतो. १४ मीटरमधून दोन बाजूंचे २३० वजा केले तर १३.५४ राहिले, त्यातून दोन्ही टोकांचे ७५ वजा, १३.३९. याला ०.१५ ने भागलं तर ८९.२७, म्हणजे ९० गाळे, ९१ सळ्या. वाटप सळईसाठी ३.६६ मधून ४६० मिमी गेले, ३.२० राहिले, त्यातून दोन्हीकडचे १०० मिमी वजा, ३.००, भागिले ०.२० म्हणजे बरोबर १५ गाळे आणि १६ सळ्या.

काही जण बाहेरून बाहेर मोजून फक्त कव्हर वजा करतात, त्यांच्या ९५ सळ्या येतात. ते चुकीचं नाही, पण जास्तीच्या चार सळ्या बीमच्या पिंजऱ्यावर पडून राहतात. बिल कोणत्या पद्धतीने मोजणार ते मात्र काम सुरू व्हायच्या आधी ठेकेदाराशी बोलून ठेवा.

४. मुख्य सळईची कटिंग लांबी कशी काढायची? आतल्या मापाने की बाहेरच्या?

इथे बाहेरच्या, कारण सळई बीमच्या आत जाऊन बसली पाहिजे. ३.६६ मधून दोन्ही टोकांना बीमचं २५ मिमी कव्हर वजा केलं की ३.६१ मीटर. म्हणजे प्रत्येक बीममध्ये सळई २०५ मिमी आत जाते. आयएस ४५६ प्रमाणे साध्या टेकूवर खालच्या सळ्यांपैकी निदान एक तृतीयांश सळ्या टेकूच्या आत डेव्हलपमेंट लेंथच्या, म्हणजे काँक्रीटला सळई पूर्ण धरून ठेवायला लागणाऱ्या लांबीच्या, तिसऱ्या हिश्श्याएवढ्या गेल्या पाहिजेत. आपल्या १० मिमीची डेव्हलपमेंट लेंथ ५७० मिमी येते (कशी ते प्रश्न ६ मध्ये), तिचा तिसरा हिस्सा १९०, म्हणजे २०५ मध्ये बसतं पण फार जागा शिल्लक नाही. म्हणून जेव्हा फिटर म्हणतो की साहेब दोन इंच कमी पडतेय पण बीमवर टेकलीय ना, तेव्हा ती सळई घेऊ नका, दोन इंच गेले की १५५ च राहतात.

५. क्रँक आणि एल असला तर किती वाढवायचं आणि वाकवण्याचं किती कमी करायचं?

पडवीच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक सळईला एका टोकाला क्रँक आहे, म्हणजे ती तिथे तिरकी होऊन खालून वर चढते, आणि त्याच टोकाला बीममध्ये खाली १५० मिमीचा एल. शेजारची सळई उलटी फिरवून टाकायची, म्हणजे प्रत्येक बीमवर एक आड एक सळई वर येते.

क्रँकची उंची म्हणजे स्लॅबच्या जाडीतून वरचं आणि खालचं कव्हर आणि सळईचा व्यास वजा करून जे राहतं ते, १२५ − २० − २० − १० = ७५ मिमी. सळई ४५ अंशात चढते तेव्हा आडवी ७५ जाण्याऐवजी तिरकी १०६ जाते, म्हणजे ३१ मिमी जास्त. ०.४२ गुणिले उंची म्हणतात ते हेच. जाडीने गुणायचं नाही, उंचीने गुणायचं, हे खूप जण चुकतात.

वाकवताना सळई थोडी लांबते म्हणून ४५ च्या प्रत्येक वाकाला एक व्यास आणि ९० च्या वाकाला दोन व्यास वजा करायची पद्धत आहे. क्रँकमध्ये ४५ चे दोन वाक म्हणजे २० मिमी आणि एलचा एक म्हणजे २० मिमी, एकूण ४०.

३६१० + ३१ + १५० − ४० = ३७५१, म्हणजे ३.७५ मीटर कापायचं.

हे ४० मिमी वजा नाही केलं तर लोखंड फार वाया जात नाही, पण सळई जास्त लांब होऊन टोक शटरिंगच्या फळीला लागतं आणि कव्हर जातं. फळी काढल्यावर बीमच्या बाहेरच्या बाजूला ओळीने काळे ठिपके दिसले की समजायचं, तिथून दोन पावसाळ्यांत गंज उतरायला लागतो.

६. लॅप किती द्यायचा? कोणी ४० पट म्हणतं, कोणी ५०, कोणी ५७.

तिघेही कुठून तरी बरोबर असतात. लॅप म्हणजे एका सळईतली ओढ काँक्रीटच्या पकडीतून दुसरीत जायला लागणारी लांबी, त्यामुळे ती काँक्रीटवर आणि लोखंडाच्या ग्रेडवर ठरते. स्लॅबसारख्या वाकणाऱ्या भागात आयएस ४५६ प्रमाणे ताणातल्या सळईचा लॅप डेव्हलपमेंट लेंथएवढा किंवा व्यासाच्या ३० पट, यातला जो मोठा तो. एफई ५०० चा हिशोबातला ताण ०.८७ × ५०० = ४३५, आणि एम २० मध्ये पीळदार सळईची पकड १.२ × १.६ = १.९२.

```
Ld = 435 × व्यास / (4 × 1.92) = 56.6 × व्यास
```

म्हणजे ५७ पट. तेच काँक्रीट एम २५ असलं तर पकड १.४ × १.६ = २.२४ होते आणि उत्तर ४९ पट येतं. ४७ पट हा एम २० आणि जुन्या एफई ४१५ चा आकडा आहे, आणि ४०-४५ पटची सवय त्याच्याच आसपासची आहे. लोखंड बदललं, एफई ५०० आलं, पण तोंडातला आकडा तोच राहिला, हीच खरी अडचण आहे.

पडवीत ८ मिमीचा लॅप ५७ × ८ = ४५६, आपण ४६० धरू. वाटप सळईवर वजन कमी येतं म्हणून फूटभर लॅप देतात काही ठिकाणी, मी पूर्ण देतो, कारण काँक्रीट आकसतं तेव्हा १४ मीटर लांबीत ताण याच सळईवर येतो आणि आडवी चीर अपुऱ्या लॅपच्या जागीच पडते.

७. सळई १२ मीटरची येते, स्लॅब त्याहून लांब आहे, तर लॅप किती धरायचे?

लांबीला १२ ने भागून चालत नाही कारण प्रत्येक जोडात लॅपएवढी लांबी खर्ची पडते. तुकडे काढायचे असतील तर:

```
तुकडे = (लांबी − लॅप) / (12 − लॅप), वरचा पूर्ण आकडा
लॅप = तुकडे − 1
```

समजा लांबी २४ मीटर आहे. १२ ने भागलं तर दोन तुकडे वाटतात, पण (२४ − ०.४६) / ११.५४ = २.०४, म्हणजे तीन तुकडे आणि दोन लॅप. दोनच मागवले तर स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी दुकान शोधत फिरायची वेळ येते.

पडवीत १४ मीटरमधून दोन बाजूंचे २५ मिमी गेले, १३.९५. (१३.९५ − ०.४६) / ११.५४ = १.१७, म्हणजे दोन तुकडे, एक लॅप. एकूण लांबी १३.९५ + ०.४६ = १४.४१, म्हणजे एक अख्खी सळई आणि २.४१ चा तुकडा. या २.४१ कडे नीट बघा, प्रश्न ९ मध्ये तो परत येतोय.

वाटप सळ्या खालच्या १६, पण तेवढ्यावर थांबू नका. क्रँकमुळे वर आलेल्या सळ्यांनाही आडवी सळई बांधावी लागते, नाहीतर त्या जागेवर राहत नाहीत. बीमच्या कडेपासून स्पॅनच्या चौथ्या भागापर्यंत, म्हणजे ०.८० मीटरमध्ये, २०० वर ४ सळ्या, दोन्ही बाजूंना मिळून ८. एकूण २४. या ८ सळ्या हिशोबात विसरलेल्या बीबीएस, म्हणजे सळ्यांच्या कटिंगच्या याद्या, मी कितीतरी पाहिल्यात.

८. सगळे लॅप एका ओळीत आले तर काय बिघडतं?

मी नवा असताना एका स्लॅबला हे स्वतः केलंय. सगळ्या अख्ख्या सळ्या एकाच भिंतीकडून टाकत गेलो, काम पटापट झालं, दिसायलाही सुंदर, आणि लॅप सगळे एका रेषेत. स्लॅब भरल्यावर काही महिन्यांनी खालच्या बाजूला बरोबर लॅप संपतो तिथे केसासारखी सरळ चीर, या बीमपासून त्या बीमपर्यंत. स्लॅब पडला नाही, पण घरमालकाला ती चीर रोज दिसायची आणि मला प्रत्येक वेळी तिथे गेलं की मान वर करून बघवायचं नाही.

आयएस ४५६ चा सल्ला असा आहे की एका जागी निम्म्यापेक्षा जास्त सळ्यांचे जोड येऊ नयेत, आणि दोन लॅपच्या मध्यांमध्ये लॅपच्या १.३ पट तरी अंतर असावं, आपल्याकडे सुमारे ६०० मिमी. पडवीत हे फुकट साधतं, पहिली अख्खी सळई डाव्या टोकाकडून, दुसरी उजव्या टोकाकडून, असं एक आड एक. मग एक लॅप उजव्या टोकापासून दोन-सव्वादोन मीटरवर येतो आणि शेजारचा डाव्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर. फिटरला फक्त एवढंच सांगायचं की तुकडा एकदा इकडे एकदा तिकडे.

मुख्य सळईला लॅप द्यावाच लागला (सलग अनेक स्पॅनच्या स्लॅबमध्ये लागतो) तर खालच्या सळईचा लॅप टेकूच्या जवळ आणि वरच्या सळईचा स्पॅनच्या मधल्या भागात, म्हणजे जिथे त्या त्या सळईवर ताण कमी असतो तिथे.

९. प्रत्यक्षात १२ मीटरच्या किती सळ्या मागवायच्या? एकूण मीटरला १२ ने भागू का?

नको, तुकडे कसे पडतात ते बघून मागवा. १० मिमीचं बघा, ३.७५ चे तीन तुकडे म्हणजे ११.२५, प्रत्येक सळईमागे ७५० मिमी उरतं. ९१ ला ३ ने भागलं, ३१ सळ्या. नुसत्या मीटरवरून काढलं असतं तर ३४१.२५ / १२ = २९ आल्या असत्या आणि ३.७५ च्या चार सळ्या कमी पडल्या असत्या.

८ मिमीत मजा आहे. २.४१ चे तुकडे १२ मीटरमध्ये चारच बसतात, पाचव्याला ५० मिमी कमी पडतात आणि २.३६ मीटर उरतं. २४ अख्ख्या आणि तुकड्यांसाठी ६, एकूण ३० सळ्या. आता दोन्ही टोकांना बीममध्ये २५ ऐवजी ३५ मिमी सोडा, लांबी १३.९३ झाली, तुकडा २.३९ चा झाला आणि पाच तुकडे ११.९५ मध्ये बसले. तुकड्यांना ५ सळ्या पुरतात, एकूण २९. टोकाला सळई अजूनही १९५ मिमी बीममध्ये आहे, ८ मिमीला तिसऱ्या हिश्श्याचे १५२ लागतात, त्यामुळे काही बिघडत नाही. पण हेच २० मिमी लॅपमधून काढू नका, टोकाला जागा होती म्हणून तिथून घेतले, लॅपमध्ये जागा नाही. आणि कापायच्या आधी सळई टेपने मोजा, १२ मीटर म्हणून आलेली सळई पाच-दहा सेंटीमीटर इकडे-तिकडे असू शकते.

वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १० मिमीला ०.६१७ आणि ८ मिमीला ०.३९५ किलो मीटरमागे. ३१ सळ्यांचे २२९.५ आणि २९ सळ्यांचे १३७.५, एकूण ३६७ किलो मागवायचं, त्यातलं ३४७ स्लॅबमध्ये जातं. उरलेल्या वीसमधले पाच किलो म्हणजे १० मिमीची सव्वाआठ मीटरची सरळ सळई आहे, ती कामाला येते.

१०. ते ७५० मिमीचे उरलेले तुकडे जोडून मुख्य सळई केली तर?

नाही. १० मिमीला लॅपच ५७० लागतो, म्हणजे ७५० च्या तुकड्यातून पुढे १८० मिमीच मिळतात, वर लॅप स्पॅनच्या मध्यात येतो जिथे वाक सगळ्यात जास्त असतो. त्या तीस तुकड्यांच्या खुर्च्या करा. क्रँकच्या वरच्या सळ्यांखाली मीटरभर अंतराने खुर्ची असली तर काँक्रीट ओतणारी माणसं त्यावरून चालली तरी वरची सळई खाली बसत नाही. ती सळई ७५ वरून ४० वर बसली तर एवढा सगळा हिशोब करून बीमजवळ वरून चीर पडणारच.

११. हिशोबात ९१ सळ्या, पण फिटरने ८५ मध्येच स्लॅब पूर्ण केला. कोणाचं चुकलं?

बहुतेक वेळा फिटरने १५० चं अंतर सळईच्या कडेपासून पुढच्या सळईच्या कडेपर्यंत, म्हणजे मोकळं धरलेलं असतं. स्पेसिंग मध्यापासून मध्यापर्यंत असतं. मोकळे १५० धरले की १० मिमीच्या सळईला प्रत्यक्ष १६० होतात, आणि १३.३९ / ०.१६ = ८३.७, म्हणजे ८५ सळ्या. सहा टक्के लोखंड गेलं आणि डोळ्याला काहीच कळत नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे एक गाळा मोजायचा नाही, टेप लावून दहा गाळे मोजायचे, एका सळईच्या डाव्या कडेपासून अकराव्या सळईच्या डाव्या कडेपर्यंत. १.५० मीटर किंवा त्याहून कमी आलं पाहिजे, १.६० आलं तर बांधलेली तार सोडायला लावा. फळ्यांवर आधीच खडूने खुणा मारून दिल्या तर हा वाद होतच नाही.

१२. वरच्या थरातल्या सळईला लॅप जास्त लागतो हे खरं का? आणि दोन वेगळ्या व्यासाच्या सळ्या जोडल्या तर?

खरं आहे, पण नेहमी नाही. काँक्रीट भरल्यावर पाणी वर येतं आणि वरच्या सळईखाली पकड कमी होते, म्हणून आयएस ४५६ सांगतं की सळई वरच्या भागात असेल आणि कव्हर व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर लॅप १.४ पट करा. पडवीत ८ मिमीची दुप्पट १६, कव्हर २०, म्हणून वरच्या त्या आठ सळ्यांनाही ४६० च चालतो. हेच १२ मिमी असतं तर दुप्पट २४, कव्हर २०, म्हणजे नियम लागू, आणि ५७ × १२ = ६८४ चे १.४ पट म्हणजे ९६० मिमी. साध्या ६९० च्या हिशोबाने कापलेली सळई तिथे पाऊण फुटाहून जास्त कमी पडते.

वेगळ्या व्यासाच्या दोन सळ्या जोडताना लॅप बारीक सळईच्या व्यासावरून काढायचा. १० आणि ८ जोडल्या तर ८ चा, म्हणजे ४६०.

१३. हिशोब ३६७ किलो आणि वजनकाट्यावर ३५० च आलं. दुकानदाराने फसवलं का?

लगेच तसं समजू नका. आयएस १७८६ मध्ये १० मिमीपर्यंतच्या सळईला मीटरमागच्या वजनात ७ टक्के कमी-जास्त चालतं. ३६७ चे ७ टक्के म्हणजे साधारण २६ किलो, त्यामुळे ३४१ पर्यंत माल नियमात आहे. आधी नग मोजा. ३१ आणि २९ बरोबर आले आणि लांबी पूर्ण असली तर तुमचा स्लॅब अडत नाही आणि पैसे तर तुम्ही ३५० चेच देताय. मात्र ३४१ च्या खाली गेलं तर एक मीटरचा तुकडा कापून वेगळा तोला, ८ मिमीचा तुकडा ३६७ ग्रॅमच्या खाली भरला तर आणखी दोन-तीन सळ्यांचे तुकडे तोलून बघा, सगळे तसेच निघाले तर माल परत पाठवा. आणि हे गाडी खाली करायच्या आधी करा, सळ्या कापल्यावर कोणी परत घेत नाही.